पंपाचा संप मोठा खोदला म्हणून पाणी उपसलं जात नाही

भाऊ, सखल रस्त्यावर तुंबणारं पावसाचं पाणी उपसायला संप, म्हणजे पंप बसवायचा खड्डा, मोठा खोदायचा म्हणताय, तर आधी पाणी किती येतं ते काढा. समजा जळगावात सखल रस्त्याकडे 2 हेक्टरचं पाणी उतरतं, तासाला 60 मिमी पाऊस आहे आणि डांबर-काँक्रीटमुळे 80 टक्के वाहून येतं. तर 0.8 × 60 × 2 ÷ 360 = 0.267 घनमीटर, म्हणजे सेकंदाला 267 लिटर. त्यासाठी सेकंदाला 90 लिटर उपसणारे तीन सबमर्सिबल पंप आणि चौथा राखीव.

आता संप. ढगफुटीचं पाणी त्यात साठवायचा विचार सोडा. 13.5 घनमीटर जागा या वेगाने 50 सेकंदांत भरते! संप असतो तो मोटर सारखी चालू-बंद होऊन जळू नये म्हणून. सर्वात वाईट वेळ पाऊस ओसरताना येते, आवक एका पंपाच्या निम्मी झाली की. तासाला 6 वेळाच चालू करायचा तर चक्र 600 सेकंदांचं, आणि 0.09 × 600 ÷ 4 = 13.5 घनमीटर. तळ 3 × 4.5 मीटर असेल तर चालू-बंदच्या फ्लोटमध्ये 1 मीटर अंतर ठेवा. बंदची पातळी पंप बुडालेला राहील इतकी वर हवी, नाहीतर भोवरा होऊन तो हवा ओढतो; खडखडाट ऐकू येतो.

रस्ता तुंबलेला आणि संप रिकामा दिसला तर पंपाला दोष देऊ नका, रस्त्यावरच्या गटाराच्या जाळीवर अडकलेल्या पिशव्या काढा.