उडालेल्या शेअरमागे धावण्याआधी काय तपासावं?

«शेअर सकाळीच १८ टक्के वर गेला की आता नाही घेतला तर गाडी सुटेल असं वाटतं आणि वरच्या भावात घेऊन अडकतो. घेण्याआधी नेमकं काय तपासू?»

तीन गोष्टी तपासा, आणि त्याही याच क्रमाने. पहिल्याच ठिकाणी अडलात तर पुढे जाऊ नका.

आधी बातमी एक्स्चेंजच्या साइटवर, कंपनीच्या घोषणांमध्ये आहे का ते बघा. टेलिग्राम, यूट्यूब धरायचं नाही. साधना ब्रॉडकास्टचं प्रकरण आठवा. २०२२ च्या जुलैच्या उत्तरार्धात यूट्यूबवर व्हिडिओ आले की अदानी समूह ही कंपनी घेणार आहे. भाव मात्र एप्रिलपासूनच चढत होता. सेबीच्या मार्च २०२३ च्या अंतरिम आदेशानुसार छोट्या भागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ वर गेली, आणि याच चढ्या भावात प्रवर्तकांसह काही मोठ्या भागधारकांनी माल विकला. घोषणा सापडली नाही तर तुम्ही कोणाचा माल घेताय हेच तुम्हाला माहीत नाही. तिथेच थांबा.

घोषणा खरी असेल तर कागद घ्या आणि आपण चुकलो हे कोणत्या भावाला मान्य करणार ते लिहा. हा भाव चार्टवरून ठरतो, आपल्या सोयीने नाही. समजा शेअर १०० वरून ११८ ला गेलाय आणि जुना आधार ९८ ला आहे. म्हणजे एका शेअरमागे २० रुपयांची जोखीम. एका सौद्यात २,००० रुपयेच घालवायचे ठरवले असतील तर १०० शेअर येतात, ११,८०० रुपयांचे. घाईत माणूस पन्नास हजारांचे घेतो, म्हणजे सव्वाचारशे, आणि तोटा साडेआठ हजारांवर जातो. भाव १०२ पर्यंत खाली आला आणि आधार टिकला, तर त्याच २,००० च्या जोखमीत ५०० शेअर बसतात. म्हणून वाट बघण्यात नुकसान नाही. भाव खाली आलाच नाही तर सौदा नाही, इतकंच. मला तरी चेकलिस्टमधलं हेच गणित सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण आकडा समोर आला की घाई आपोआप ओसरते.

शेवटी बाहेर पडता येईल का ते बघा. ११८ ला बंद झालेला, २० टक्के बँडचा, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त तेवढाच वर-खाली जाऊ शकणारा शेअर दुसऱ्या दिवशी ९४.४० च्या लोअर सर्किटला उघडू शकतो. स्टॉपलॉस ट्रिगर होतो, पण समोर घेणारा नसेल तर ऑर्डर रांगेत पडून राहते. शेअर एएसएम, जीएसएम या एक्स्चेंजच्या जादा देखरेखीच्या यादीत किंवा ट्रेड-टू-ट्रेडमध्ये आहे का तेही पाहा. ट्रेड-टू-ट्रेडमध्ये घेतलेला माल त्याच दिवशी विकता येत नाही. अशा शेअरमध्ये वर काढलेली संख्या निम्मी करा.

आणि ऑर्डर लिमिटचीच टाका. उसळी चालू असताना मार्केट ऑर्डर टाकली तर ११८ बघून १२१ ला भरली जाते, आणि वरचं सगळं गणित तिथेच बिघडतं.