फॉर्ममधल्या नंबराचा 'उद्देश' काय लिहायचा?

प्रश्न : साताऱ्यात सोलर वॉटर हीटर बसवून देतो. वेबसाइटवर चौकशीचा फॉर्म आहे, त्यात नाव आणि मोबाइल नंबर एवढंच घेतो. दिवाळी ऑफरचा एसएमएस पाठवल्यावर एका गृहस्थांचं वकिलामार्फत पत्र आलं, 'नंबर कशाच्या आधारे वापरला?' म्हणून. वेबसाइट बनवणाऱ्याने टाकलेल्या धोरणात तर 'आम्ही व आमचे भागीदार सेवा सुधारण्यासाठी माहिती वापरू' असं आहे. मग चुकलं कुठे? नवीन मजकूर कसा लिहू?

उत्तर : ज्या वाक्याचा तुम्ही आधार घेताय, तेच तुम्हाला अडचणीत आणणार आहे. असं पत्र घेऊन येणारे बहुतेकजण हेच वाक्य दाखवतात, आणि पत्र येईपर्यंत त्यांनी ते वाचलेलं नसतं. आपल्या नावाने काय छापलंय हे न वाचता वर्षानुवर्षं नंबर गोळा करत राहायचं, हे मला खरंच पटत नाही.

डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट, 2023 मध्ये तुमच्यासारख्या फॉर्मला एक सोपी वाट आहे, कलम 7(अ). माणसाने एखाद्या ठरावीक कामासाठी आपणहून माहिती दिली, तर त्या कामापुरती ती वेगळी संमती न घेता वापरता येते. कायद्यातलं उदाहरण घराच्या दलालाचं आहे. भाड्याचं घर शोधून द्या म्हणून कुणी माहिती दिली, तर दलाल तेवढ्यासाठी ती वापरू शकतो. आता घर नको असं कळवलं की त्याने थांबायचं. हीटरच्या चौकशीला परत फोन करणं याच मापाचं आहे. दिवाळीची ऑफर मात्र या मापात बसत नाही, आणि कर्ज देणाऱ्या 'भागीदारा'ला नंबर देणं तर नाहीच. त्यासाठी कलम 6 प्रमाणे संमती लागते, ती मोकळेपणाने, नेमक्या कामासाठी आणि स्पष्ट कृतीने दिलेली. 'सेवा सुधारण्यासाठी' यातून कोणतं काम ते कळतच नाही, म्हणून त्या शब्दांवर संमती उभी राहत नाही.

तेव्हा उद्देशाचं वाक्य आधी बदला. फॉर्मच्या बटणाच्या वरच, मराठीत, एवढं पुरे :

'तुमचं नाव आणि मोबाइल नंबर आम्ही फक्त तुमच्या चौकशीला उत्तर देण्यासाठी आणि मागितल्यास दर कळवण्यासाठी वापरू. इतर कुणाला देणार नाही. काम झालं नाही तर सहा महिन्यांनी नोंद काढून टाकू. त्याआधी काढायची असल्यास याच पानावरच्या नंबरवर कळवा.'

सहा महिने हा माझा अंदाज आहे. तुमच्या धंद्यात गिऱ्हाईक किती दिवसांनी परत फिरतं ते पाहून ठरवा, पण जे लिहाल ते पाळा. ऑफर पाठवायच्याच असतील तर खाली वेगळा चौकोन ठेवा, 'नवीन ऑफरचे मेसेज चालतील'. तो रिकामाच असला पाहिजे, आधीच टिक केलेला नको, आणि टिक न करताही फॉर्म पुढे गेला पाहिजे. चौकोन ठेवलात की संमतीची सूचनाही आली, म्हणजे कोणती माहिती, कशासाठी, संमती मागे कशी घ्यायची आणि तक्रार कुठे करायची हे सगळं तिथेच सांगावं लागेल.

'इतर कुणाला देणार नाही' हे लिहिण्याआधी फॉर्म नेमका कुठे जातो ते तपासा. वेबसाइट बनवणाऱ्याच्या स्वतःच्या ईमेलवर प्रत जात असेल तर ते वाक्य पहिल्याच दिवशी खोटं ठरेल. ती प्रत बंद करा. होस्टिंगवाल्याकडे नोंदी राहत असतील तर 'वेबसाइट चालवणाऱ्या कंपनीखेरीज' असं स्पष्ट म्हणा आणि त्यांच्याशी लेखी करार ठेवा, कारण त्यांच्या चुकीचीही जबाबदारी कायदा तुमच्यावरच टाकतो.

आलेल्या पत्राबद्दल मी जपून बोलतो, कारण ते मी पाहिलेलं नाही. नव्या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण सूचना आणि संमतीच्या तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतात. आयटी कायद्याखालच्या 2011 च्या जुन्या नियमांत नाव आणि नंबर 'संवेदनशील' माहितीत मोडत नाहीत, म्हणून नुकसानभरपाईचा दावा मला कच्चा वाटतो. पण तो एसएमएस दूरसंचार नियामक ट्रायच्या जाहिरातीच्या मेसेजबाबतच्या 2018 च्या नियमांखाली आजच तक्रारीचा विषय होऊ शकतो. वाद घालू नका. त्या गृहस्थांची नोंद काढा आणि काढल्याची तारीख लेखी कळवा.

जुन्या यादीतल्या बाकीच्या नंबरांवर ऑफर पाठवणं आजपासून थांबवा. नवीन चौकोनात कुणी टिक केली तर तारीख, वेळ आणि त्या दिवशीचा मजकूर जपून ठेवा; वाद झाला तर संमती होती हे सिद्ध करण्याचं ओझं कलम 6(10) प्रमाणे तुमच्यावरच आहे.