राजीनामा वेगळा, हँडओव्हरचा कागद वेगळा

*वकील मॅडम, मी सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. आमच्या क्लायंटची नवी पगारप्रणाली १५ मेला लाइव्ह जायची आहे. मला दुसरीकडे नोकरी मिळाली आहे, ३ मार्चला राजीनामा द्यायचा म्हणते. नेमणूक पत्रात ६० दिवसांची नोटीस आहे, पण ‘हँडओव्हर समाधानकारक झाल्यावरच मुक्त केले जाईल’ असंही आहे. मॅनेजर म्हणतात, लाइव्ह होईपर्यंत सोडणार नाही, नुकसान झालं तर वसूल करू. मला काम अर्धवट टाकायचं नाही. टप्प्याटप्प्यानं सोपवते, असं राजीनाम्यातच लिहू का?*

राजीनाम्यात लिहू नका. त्याच दिवशी द्या, पण वेगळ्या पत्रात. राजीनामा तीन ओळींचा असावा: मी राजीनामा देत आहे, नेमणूक पत्राप्रमाणे ६० दिवसांची नोटीस आजपासून सुरू होते, माझा शेवटचा दिवस २ मे. त्यात ‘काम सोपवून झाल्यावर’ असे तीन शब्द जरी आले, तरी राजीनामा सशर्त होता असं म्हणायला जागा मिळते आणि नोटीस नक्की कधी सुरू झाली यावरच वाद पेटतो. हे शब्द माणूस चांगुलपणानं लिहितो, म्हणून ते अंगाशी आलेले बघताना मला फार वाईट वाटतं.

मॅनेजरच्या धमकीचं म्हणाल, तर स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट, १९६३ च्या कलम १४ मुळे, कोर्ट कुणाला मनाविरुद्ध नोकरीत राहायला लावत नाही. राहिला प्रश्न भरपाईचा. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७३ सांगतं की भरपाई करारभंगातून सरळ उद्भवणाऱ्या नुकसानीची मिळते, दूरच्या परिणामांची नाही. आणि नुकसान कमी करायला कंपनीच्या हातात काय होतं, तेही बघितलं जातं. तुम्ही नोटीस पूर्ण भरलीत आणि काम प्रामाणिकपणे सोपवलंत, तर नुसतं नोकरी सोडणं हा करारभंग नाही. नोटीस मध्येच टाकून गेलात, तर मात्र कंपनीची बाजू भक्कम होते.

खरा काटा आहे तो ‘समाधानकारक’ या शब्दात. त्याला माप नाही. ते माप तुमच्या दुसऱ्या पत्रातून द्यायचं.

त्यात ‘सर्व माहिती देईन’ असं मोघम लिहू नका. फक्त तुमच्याच डोक्यात असलेल्या गोष्टी शोधा. समजा, जुन्या प्रणालीतून आणलेल्या पगाराच्या आकड्यांची जुळणी तुम्ही रोज रात्री करता, आणि रजेची थकबाकी असलेल्या कर्मचाऱ्यांचा फरक हातानं दुरुस्त करता. मग लिहा: १७ मार्चपर्यंत या जुळणीची कृती लेखी देईन. ७ एप्रिलपर्यंत मी करेन, नेमलेला सहकारी शेजारी बसून बघेल. २१ एप्रिलपर्यंत तो करेल, मी बघेन. त्यानंतर २ मेपर्यंत तो एकटा करेल आणि मी फक्त विचारलं तर सांगेन. सलग पाच रात्री माझ्या मदतीशिवाय जुळणी झाली, की हा भाग सोपवून झाला असं धरावं. अशी मोजता येणारी कसोटी असली, की नंतर ‘समाधान झालं नाही’ म्हणणं अवघड जातं.

प्रत्येक टप्पा संपला की त्याच दिवशी मेल करा: काय दिलं, कोणाला दिलं, काय बाकी आहे. ‘तीन दिवसांत उत्तर नाही आलं तर मान्य समजेन’ या वाक्यावर विसंबू नका. नुसतं गप्प राहणं म्हणजे संमती असं करार कायद्यात सहसा धरत नाहीत. पण तारखेसह गेलेला मेल पुरावा म्हणून उभा राहतो. कंपनीनं माणूसच नेमला नाही, तर दर आठवड्याला ‘कोणाकडे सोपवू?’ असं लेखी विचारा. भरपाईचा विषय निघाला, तर कलम ७३ मधला नुकसान कमी करण्याचा भाग इथे तुमच्या कामी येतो.

२ मे ते १५ मे या तेरा दिवसांचं काय? ‘लाइव्ह होईपर्यंत थांबते’ असं कधीच लिहू नका. लाइव्हची तारीख पुढे सरकते आणि तिच्याबरोबर तुम्हीही. थांबायचंच असेल तर नव्या कंपनीकडून रुजू व्हायची तारीख वाढवून लेखी घ्या आणि मगच इथे ‘शेवटचा दिवस २ मेऐवजी १५ मे, त्यापुढे नाही’ असं कळवा. ते जमत नसेल, तर नव्या कंपनीच्या परवानगीशिवाय फोनवरून मदतीचंही कबूल करू नका. नव्या नेमणूक पत्रात दुसरं काम करायला मनाई असू शकते.

आणि एक. पुरावा हवा म्हणून प्रोजेक्टच्या फाइल्स स्वतःच्या मेलवर पाठवू नका. गोपनीयतेचा भंग केला असा आरोप त्यातूनच होतो. तुमचं नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा, राजीनामा आणि त्याची पोच एवढं जवळ ठेवा. हँडओव्हरच्या मेलमध्ये क्लायंटचा डेटा न घालता एचआरला प्रत ठेवत जा, म्हणजे तुमचं खातं बंद झालं तरी तो पत्रव्यवहार कंपनीच्या दप्तरी राहतो आणि वाद झालाच तर कोर्टामार्फत मागवता येतो.