टेपने डुकराचे वजन: घेर नीट घ्या, मग भाव बोला

प्रश्न: आमच्याकडे मोठा काटा नाही. व्यापारी नुसत्या नजरेने वजन सांगून भाव करतो आणि खाद्यही अंदाजानेच पडते. टेपने मापून डुकराचे वजन काढता येते असे ऐकले आहे. नेमके कसे काढावे, आणि त्यावर कितपत विसंबावे?

उत्तर:

लागतो तो शिंप्याचा टेप. तो जुना आणि ताणलेला नसावा; मोठ्या मादीला दीड मीटरचा टेप अपुरा पडला, तर न ताणणारी सुतळी गुंडाळून ती नंतर मोजावी. मापे दोनच आहेत. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे, बगलेतून टेप फिरवून घ्यावा. लांबी दोन कानांच्या मधोमधपासून पाठीच्या कण्यावरून शेपटीच्या मुळापर्यंत मोजावी. दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये घेतली की वजन असे निघते:

वजन (किलो) = घेर × घेर × लांबी ÷ १४,४३०

समजा, घेर १०४ आणि लांबी १०८ भरली. १०४ गुणिले १०४ म्हणजे १०,८१६. त्याला १०८ ने गुणून १४,४३० ने भागले की सुमारे ८१ किलो येतात. उत्तर ६८ किलोंपेक्षा कमी आले, तर त्यात ३ किलो मिळवण्याचा प्रघात आहे, कारण लहान जनावरात हे सूत्र थोडे कमी वजन दाखवते.

सूत्रात घेर दोनदा गुणला जातो, म्हणून घोळही तिथेच होतो. वरच्याच जनावराचा घेर चुकून १०६ धरला, तर वजन ८४ किलो निघते. लांबी दोन सेंटिमीटरने चुकली, तर फरक जेमतेम दीड किलोचा पडतो. टेप मागे पोटाकडे सरकला तर वजन फुगते, आणि कातडीत रुतेपर्यंत आवळला तर घटते. त्यामुळे टेप अंगाला लागून, पण सैल न पडता बसला पाहिजे. डुकराने मान वर केली किंवा खाली घातली की लांबी बदलते, म्हणून मान पाठीच्या रेषेत असतानाच माप घ्यावे. पळते डुक्कर धरून मापण्याच्या भानगडीत पडू नये. सकाळच्या खाद्याआधी गव्हाणीत मूठभर दाणे टाकावेत. ते खाण्यात गुंतले की शांतपणे तीनदा घेर घ्यावा आणि मधला आकडा धरावा. पोट रिकामे असताना घेतलेले माप दर वेळी एकमेकांशी ताडून पाहता येते.

हे सूत्र लांब, भरदार अंगाच्या विदेशी जातींवर बसते. लार्ज व्हाइट यॉर्कशायरच्या संकरित जनावरांना ते बऱ्यापैकी लागू पडते. गावठी डुकराला, किंवा गोव्यातील अगोंदा गोवन जातीला, ते जसेच्या तसे लावू नये. गाभण मादीसाठीही ते वापरू नये. आपल्या कळपासाठी दुरुस्ती एकदाच करून घ्यावी: विक्रीच्या वेळी चार-पाच डुकरे जवळच्या वजनकाट्यावर न्यावीत आणि त्याच सकाळी टेपनेही मापावीत. सूत्राने ८१ आणि काट्याने ७७ दाखवले, तर गुणक ०.९५ झाला. सगळ्यांच्या गुणकांची सरासरी काढून पुढे प्रत्येक उत्तराला तिने गुणावे. दुरुस्ती केल्यावरही पाच टक्क्यांची चूकभूल धरूनच चालावे.

खाद्याचा हिशोब यावरच बसतो. वाढत्या डुकराला वजनाच्या सुमारे तीन टक्के कोरडे खाद्य लागते, म्हणजे ८१ किलोंच्या डुकराला रोज साधारण अडीच किलो. हॉटेलच्या खरकट्यात मात्र तीन चतुर्थांश पाणी असते, त्यामुळे निम्मे खाद्य खरकट्यावर भागवायचे असेल, तर सव्वा किलो कोरड्या खाद्यासोबत चार ते साडेचार किलो खरकटे द्यावे, आणि तेही उकळूनच, कारण त्यातून आफ्रिकन स्वाइन फीव्हर येऊ शकतो. माप पंधरा दिवसांनी घ्यावे. रोज अर्धा किलो वाढणारे डुकर आठवड्यात साडेतीनच किलो वाढते, आणि एवढी वाढ मापाच्या चुकीतच बुडून जाते.

विक्रीला व्यापारी आला की वजन आणि दर वेगवेगळे बोलावेत. एकरकमी नगाचा भाव मान्य केला की फरक नेमका कुठे गेला ते कळत नाही. जिवंत वजनाचा दर १५० रुपये ठरला आणि ८१ किलोंचे डुक्कर तो ७२ चे म्हणाला, तर जातात १,३५० रुपये. टेप त्याच्यासमोर लावावा. त्याला शंका असेल, तर एक जनावर काट्यावर न्यायचे आणि काट्याचे भाडे ज्याचा अंदाज जास्त चुकेल त्याने द्यायचे, असे आधीच ठरवावे. तुमचा आकडा काट्यापासून दोन-तीन किलोंवर असेल, तर काट्याचा आकडा मान्य करून पुढे जावे. मात्र व्यापारी काट्याच्या आधी डुकरांना तासभर पळवत असेल किंवा दिवसभर उपाशी ठेवायला सांगत असेल, तर ती घट तुमच्या माथी येते. काट्याची वेळ म्हणून आदल्या दिवशीच पक्की करून घ्यावी.