पळून झाल्यावरची रात्र

"मॅडम, पळताना मला काहीच होत नाही. रात्री झोपेत शुगर पडते. बायको झोपत नाही, मलाही झोपायची भीती वाटते. मॅरेथॉन सोडून देऊ का?"

टाइप १ मधुमेह असलेल्या धावपटूंकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय, की आता पहिला प्रश्न रात्रीबद्दल विचारतच नाही. दुपारबद्दल विचारते.

हे गृहस्थ छत्तिशीचे, वजन साठ किलो. शेवटच्या 32 किलोमीटरच्या लॉंग रननंतर पहाटे दोनला त्यांची शुगर 48 होती. पहिल्या दोन भेटी भीतीवरच गेल्या. तिसऱ्या भेटीत मी त्यांच्या अंगावरच्या, सतत शुगर मोजणाऱ्या सेन्सरचा आलेख टेबलावर ठेवला. भीतीशी वाद घालण्यापेक्षा तिच्या आधीचे बारा तास तपासावेत, असं माझं मत आहे आणि वर्षानुवर्षं त्याचा उपयोग होताना पाहिलंय.

"दहा वाजता पळणं संपलं. शुगर किती होती?"

"268. घाबरलो आणि लगेच इन्सुलिनचे चार युनिट घेतले."

"मग?"

"अर्ध्या तासाने जेवलो. त्याचे नेहमीचे आठ."

"आणि चार वाजता?"

ते आलेखावर बोट फिरवत थांबले. "58. पण ती मी ज्यूस पिऊन सांभाळली. ती कुठे रात्रीची होती?"

मी गप्प राहिले. जवळजवळ मिनिटभराने ते म्हणाले, "म्हणजे रात्रीची गोष्ट दुपारीच सुरू झाली होती?"

हे वाक्य त्यांच्या तोंडून यावं यासाठीच मी थांबले होते.

जोर लावून पळणं संपवलं की अ‍ॅड्रेनॅलिनमुळे यकृत साखर सोडतं आणि आकडा चढतो. बहुतेकदा तो तास-दोन तासांत आपोआप उतरतो. त्यावर पूर्ण डोस घेतला आणि त्यावर जेवणाचाही पूर्ण डोस चढवला, तर दुपारी शुगर पडणारच. एकदा पडली की शरीराची धोक्याची घंटा पुढच्या वेळी मंद वाजते: घाम, थरथर, धडधड, सगळं उशिरा आणि कमी. त्यात झोप आली की घंटा आणखी मंद. इकडे रिकामे झालेले स्नायू आपला ग्लायकोजेनचा साठा भरण्यासाठी रात्रभर रक्तातली साखर ओढत असतात आणि इन्सुलिनही नेहमीपेक्षा जोरात काम करतं. हा परिणाम चोवीस तास, कधी त्याहून जास्त टिकतो.

आणखी एक गोष्ट ओघात निघाली. शुगर वाढेल म्हणून ते लॉंग रनच्या आदल्या दिवशी कर्बोदकं कमी खात आणि पळताना तासाला एकच जेल घेत, म्हणजे सुमारे 25 ग्रॅम. भीतीपोटी साठा अर्धा भरून निघायचं आणि मग रात्री स्नायूंनी जास्त ओढली की पुन्हा घाबरायचं! शर्यतीआधीचा दीड-दोन दिवस किलोमागे आठ ग्रॅम, म्हणजे त्यांच्यासाठी दिवसाला सुमारे 480 ग्रॅम, हे त्यांना अशक्य वाटलं. पण त्यासाठी लागणारं इन्सुलिन टाळलं, तर शुगर 300 ला जाते आणि स्नायू तरी नीट भरत नाहीत. पळताना तासाला 50-60 ग्रॅमवर यायला त्यांच्या पोटाला दोन महिने लागले.

आकडे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवले, मी नाही. पळून आल्यावर आकडा चढलेला दिसला, तर कीटोन, म्हणजे इन्सुलिन फार कमी पडलं की रक्तात वाढणारी आम्लं, तपासायचे आणि ते नसतील तर दोन तास थांबायचं. नंतरच्या जेवणाचा डोस निम्मा. रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन 14 ऐवजी 11 युनिट, म्हणजे साधारण 20 टक्के कमी. झोपताना किलोमागे 0.4 ग्रॅम, म्हणजे 24 ग्रॅम कर्बोदकं, त्यावर इन्सुलिन न घेता. सेन्सरचा अलार्म 85 वर आणि त्या दिवशी दारू नाही, कारण दारू यकृताला साखर सोडू देत नाही. एक मर्यादा लक्षात ठेवा: काही लांब पल्ल्याची इन्सुलिनं दोन-तीन दिवस अंगात राहतात. त्यांचा डोस एका रात्रीपुरता कमी करून फारसं साधत नाही, तिथे भर खाण्यावर आणि जेवणाच्या डोसवर द्यावा लागतो. (टाइप २ मधुमेहाचे, फक्त मेटफॉर्मिनच्या गोळ्यांवर असलेले लोकही याच धास्तीने येतात. त्यांना एवढी तजवीज सहसा लागत नाही.)

सगळं पहिल्याच वेळी जमलं नाही. पुढच्या लॉंग रननंतर त्यांनी झोपताना 24 ग्रॅमऐवजी हाताला लागेल ते खाल्लं आणि सकाळी 290 दिसली. "निदान पडली तरी नाही," ते म्हणाले. भीती असं जेवण वाढते, मी वहीत लिहिलं. त्यापुढच्या वेळी त्यांनी वजनकाटा वापरला.

मॅरेथॉननंतरच्या सकाळी त्यांनी आलेख पाठवला. रात्री अलार्म एकदाच वाजला होता, अडीच वाजता, 84 ला. पंधरा ग्रॅम घेतले, पंधरा मिनिटांनी पाहिलं तर 97, मग पुन्हा झोप. खाली बायकोची ओळ होती: "मी तीनचा गजर लावला होता, पण उठून पाहिलं तर हे घोरत होते."