रसायनांची वाहतूक करणारा ड्रायव्हर आणि गोदामातले कामगार यांच्या धोकादायक माल प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट किती वर्षं चालतं?

युरोपातल्या एडीआर करारानुसार ड्रायव्हरचं सर्टिफिकेट 5 वर्षं चालतं. गोदाम कामगारांसाठी मात्र त्यात ठरावीक मुदत नाही. ड्रायव्हरने उजळणी परीक्षा मुदतीच्या शेवटच्या 12 महिन्यांत द्यावी, म्हणजे नवी 5 वर्षं जुनी मुदत संपल्यापासून मोजतात. समजा मुदत 30 जून 2027 ला संपते. ऑक्टोबर 2026 मध्ये पास झालात तर 30 जून 2032 पर्यंत निश्चिंत. मे 2026 मध्येच उरकलंत तर नवी मुदत तेव्हापासूनच, म्हणजे वर्षभराहून जास्त फुकट जातं. मुदत उलटू दिलीत तर मूळ कोर्स पुन्हा. गोदामातल्यांना नियम बदलले की उजळणी द्यावी लागते, आणि एडीआर दर 2 वर्षांनी बदलतो. हे रस्त्यापुरतं; विमानाने जाणाऱ्या मालासाठी 24 महिने. अमेरिकेत मात्र दोघांनाही 3 वर्षं.