‘ओव्हरक्वालिफाइड’ म्हणजे नक्की काय म्हणतात?

“अठरा वर्षं अकाउंट्समध्ये काढली, मॅनेजर झाले. आता आईसाठी नाशिकला आलेय, साधी एक्झिक्युटिव्हची जागा हवी आहे. पण तिन्ही मुलाखतींत ‘तुम्ही ओव्हरक्वालिफाइड आहात’ म्हणून परत पाठवलं. मी बोलू तरी काय?”

अलीकडे हे गाऱ्हाणं महिन्याआड कानावर येतं. या बाईंच्या पहिल्या दोन बैठका रागातच गेल्या. “जास्त येतं हा गुन्हा आहे का?” मी समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या पठडीत शिकलेली. त्यामुळे काय घडलं यापेक्षा माणसानं त्याचा काय अर्थ लावला, तिकडे माझे कान आधी जातात. त्यांनी अपमान ऐकला होता. मला त्यात समोरच्याची धास्ती ऐकू येत होती: ही सहा महिन्यांत सोडून जाईल, एवढ्या पगारात भागेल का, धाकट्या साहेबाचं ऐकेल का?

तिसऱ्या बैठकीत मीच मुलाखत घेतली. “आमचे अकाउंट्स हेड तेहतीस वर्षांचे आहेत. चालेल?”

“चालवून घेईन.”

“आणि काम?”

“मला कुठलंही चालेल.”

मी थांबवलं. ही दोन उत्तरंच त्यांचा घात करत होती. ‘कुठलंही चालेल’ म्हणणाऱ्याला हेच काम हवंय, असं कोण मानेल? मग विचारलं, “कामावरचा कोणता दिवस आवडायचा?”

बराच वेळ शांतता. मग त्या हसल्या. “१४ तारीख. जीएसटीचं २बी, म्हणजे विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी आली की आपली खरेदीची बिलं तिच्याशी जुळवायची, २० तारखेच्या ३बी या विवरणपत्राच्या आत. न जुळणारं बिल हुडकायला मजा यायची. मॅनेजर झाल्यापासून नुसत्या सह्या अन् मीटिंगा.”

मला म्हणायचंच होतं, पण मी गप्प राहिले. त्यांनीच म्हटलं, “म्हणजे मी खाली नाही उतरत आहे, कामाकडे परत चाललेय.” (हे वाक्य माझं असतं तर बिनकामाचं ठरलं असतं.)

पुढचं सोपं होतं. पगाराचा विषय त्यांनीच आधी काढायचा: गृहकर्ज फिटलंय, पंचेचाळीस हजारांत घर चालतं, हिशोब करून आलेय. जन्मभर राहीन असं वचन द्यायचं नाही, ते खोटं वाटतं. आईमुळे नाशिक सुटणार नाही, हे खरं आहे, तेवढंच सांगायचं. साहेबांबद्दल, “निर्णय त्यांचा, माझं मत विचारलं तर देईन.” बायोडेटात मॅनेजरपद लपवायचं नाही, जुन्या ठिकाणी चौकशी केली की ते कळतंच, फक्त स्वतः हातानं केलेलं काम वर आणायचं.

हे आवड खरी असेल तरच चालतं. दुसऱ्या एका गृहस्थांना त्या दिवसाचं उत्तरच सापडलं नाही. त्यांना मी असे अर्ज थांबवायला सांगितलं.

बाईंना चौथ्या ठिकाणीही नकार आला, पगाराची चौकट आडवी आली. पाचव्या ठिकाणी घेतलं. २१ तारखेला फोन आला: साडेतीनशे रुपयांचा फरक सापडेना म्हणून आदल्या दिवशी आठपर्यंत बसल्या होत्या.